‘चि. सौ.’ : एका कथेच्या पहिल्या पत्राच्या नोंदी

४ मे २०२५

दिवाळी अंकासाठी कबूल केलेल्या कथेचे काम आजपासून नीट हाती घेत आहे. मजकूर जुलैअखेर द्यायचा असून कथेची लांबी साधारण सहा हजार शब्दांची ठरली आहे. कथा एका पत्राने उघडते. कोकण किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर दीपगृहाचा दिवा सांभाळणारा माणूस अकरा वर्षे अबोला असलेल्या मुलीला १९८३ सालच्या मे महिन्यात पत्र लिहितो. पत्र संपते, कथा मुलीच्या घरी मिरजेला जाते आणि पुन्हा बेटावर येत नाही. एवढेच मला पक्के माहीत आहे.

गेल्या आठवड्यात लिहिलेला पत्राचा पहिला खर्डा आज मोठ्याने वाचला आणि बाजूला ठेवला. त्यातला बाप फार छान लिहितो. लाटा, एकटेपणा, अंधारात फिरणारा उजेड हे सगळे त्याला नेमके सुचते, आणि तीस वर्षे रोज रात्री दिव्याला चावी देणाऱ्या माणसाला ते का सुचावे याचे उत्तर माझ्याकडे नाही. दुसरी खोट अधिक मोठी आहे. मुलीची आई आजारी असताना दिवा सोडून येता आले नाही, ती गेली, आणि त्यावरून बापलेकीत दुरावा आला, असे कारण मी दिले होते. दीपगृह म्हटले की कोणाच्याही डोक्यात पहिल्यांदा हेच येईल. ते खरे असू शकते का, हे मी कोणाला विचारलेसुद्धा नव्हते.

११ मे

अलिबागजवळ राहणाऱ्या एका निवृत्त दीपगृह कर्मचाऱ्यांकडे आज तीन तास बसले. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. ज्या काळात अनेक दिवे रॉकेलवर चालत त्या काळात ते नोकरीला लागले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी वीजही पाहिली. माझ्या कथेचे कारण मी त्यांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत, पण चहाचा कप खाली ठेवला.

“अहो ताई, बेटावर एकटा माणूस कोण ठेवील? आम्ही तिघे असायचो. एक आजारी पडला, एक रजेवर गेला, तरी दिवा लागायचा. दिवा सोडता येत नाही हे आम्ही घरच्यांना सांगायचो. साहेबाला कधी सांगितलं नाही.”

शेवटचे वाक्य मी त्यांच्यासमोरच वहीत लिहून घेतले. रात्रीचे पहारे वाटून घेतलेले असत, म्हणजे एकाच्या जाण्याने उरलेल्या दोघांची झोप कमी होई, दिवा विझत नसे. खरी अडचण होडीची असे. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की बेटावरचा माणूस बेटावरच राही, मग किनाऱ्यावर काहीही घडो. म्हणजे आई पावसाळ्यात गेली असे लिहिले तर बापाचा काहीच दोष उरत नाही, आणि समुद्र उघडा असताना गेली असे लिहिले तर तो न येण्याचे दिव्याचे कारण खोटे ठरते. दोन्ही वाटांनी माझा खर्डा मोडला.

दिव्याच्या कामाबद्दल त्यांनी पुष्कळ सांगितले, त्यातले पत्रापुरते इथे उतरवून ठेवते. रॉकेलची बत्ती आपल्या पेट्रोमॅक्सच्याच जातीची, फक्त मोठी. टाकीत हवा भरायची, स्पिरिटने नळी तापवायची, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती मेंटलमध्ये जळते. नळीत काजळी धरली की ज्योत पिवळी पडते आणि भिंगावर काळा धूर बसतो. पहाऱ्यावरच्या माणसाला झोप लागली होती की नाही हे सकाळी भिंगाकडे पाहून कळत असे. बत्तीभोवतीचे भिंग काही मण वजनाचे, पण ते पाऱ्याच्या हौदावर तरंगते, त्यामुळे एका बोटाने ढकलले तरी फिरते. त्याला फिरवायला घड्याळासारखे यंत्र असते. मनोऱ्याच्या पोकळीत लोंबणारे वजन हळूहळू खाली उतरते आणि भिंग फिरत राहते. वजन तळाला पोचायच्या आत पुन्हा चावी द्यायची. यंत्र बिघडले तर हातात घड्याळ धरून भिंग हाताने फिरवायचे, कारण ठरलेल्या सेकंदांनी झळक दिसली नाही तर खलाशी त्याला दुसराच दिवा समजतो. आणि दिवसा पडदे ओढायचे, कारण तेच भिंग सूर्याचा प्रकाश उलट आत गोळा करते आणि आतल्या वस्तू भाजून काढते.

यातले बहुतेक कथेत येणार नाही. तरी मला ते माहीत असलेले बरे.

१२ मे

रात्री नीट झोप लागली नाही, पण कारण सापडले. आईचा मृत्यू काढून टाकला. ती मुलगी लहान असतानाच गेलेली आहे. दुरावा मुलीच्या लग्नाचा आहे. लग्न बापाच्या मनाविरुद्ध झाले, १९७२ साली, मे महिन्यात. त्याने भावाला कळवले की दिवा सोडता येत नाही. कन्यादान काका-काकूंनी केले.

मुलगी दीपगृहावरच्या माणसाची मुलगी आहे. ती लहानपणी सुट्टीत बेटावर राहिलेली आहे. तिथे तीन चुली पेटतात हे तिने पाहिले आहे, आणि मे महिन्यात समुद्र उघडा असतो हे तर किनाऱ्यावरचे शेंबडे पोरही सांगेल. म्हणजे निरोप आला त्याच क्षणी तिला कळले होते. तिने कधी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. त्याला वाटते की तिला अजून माहीत नाही. एका निवृत्त माणसाच्या चहाबरोबरच्या वाक्यातून हे निघाले, आणि आता कथेला कणा आला आहे असे वाटते.

१८ मे

आज दुसरा खर्डा हातात घेऊन एकच काम केले. पत्रातले प्रत्येक वाक्य वाचायचे आणि विचारायचे, हे मुलीला आधीच माहीत आहे का? असेल तर ते बाप तिला लिहिणार नाही. ते मी वाचकाला ऐकवते आहे. पत्राने उघडणाऱ्या कथांचा हा जुना रोग आहे. ‘तुला ठाऊकच आहे की तुझी आई तू सात वर्षांची असताना गेली’ असे कोणताही बाप लिहीत नाही.

या चाळणीतून साडेचारशे शब्दांपैकी एकशे साठ उरले. आईचे सगळे गेले. बेटाचे वर्णन गेले. लग्नाचे वर्षही गेले, पण ते दुसऱ्या वाटेने परत आणता येईल, कारण तो तिच्या जुन्या पत्रावरून पत्ता लिहितो आहे आणि ते पत्र कोणत्या सालचे हे सांगणे त्याला स्वाभाविक आहे. वाचकाला माहिती द्यायची ती अशीच द्यायची, कामाच्या निमित्ताने.

एक वाक्य मात्र चाळणीत अडकले. ‘त्या मे महिन्यात आम्ही इथे तिघे होतो.’ हे मुलीला माहीत आहे. नियमाप्रमाणे ते जायला हवे. पण तिला ते माहीत आहे हे त्याला माहीत नाही, म्हणून तो ते लिहू शकतो. तो तिला बातमी सांगतो आहे अशा समजुतीत कबुली देतो. सगळे पत्र या वाक्यासाठी आहे, त्यामुळे त्याच्या आजूबाजूला एकही मोठा शब्द येता कामा नये.

त्याची भाषाही आज ठरली. नोंदवहीत रोज वारा, हवा, दिवा लावल्याची वेळ आणि विझवल्याची वेळ लिहिणाऱ्या माणसाची ती भाषा आहे. विशेषणे जवळजवळ नाहीत. पत्राची सुरुवात तो वाऱ्याने करील.

२७ मे

काल मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, इतक्या लवकर कधीच आला नव्हता असे हवामान खात्याने सांगितले आहे. माझ्या कथेतला शेवटचा मचवा मेअखेरीस सुटतो, त्यामुळे ही बातमी मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचली.

कालच एक चूकही पकडली गेली. लग्नाची तारीख मी ५ मे १९७२ धरली होती. आईच्या मावशीला सहज सांगितली तर त्या म्हणाल्या, “त्या वर्षी वैशाख अधिक होता गं, तेव्हा कोण लग्न लावील?” जुने पंचांग काढून पाहिले. अधिक वैशाख एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत होता. त्यामुळे लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात, निज वैशाखात ढकलले.

ही दुरुस्ती उपकारक ठरली. मेच्या सुरुवातीला बापाची सबब अगदीच उघडी होती. शेवटच्या आठवड्यात वारा नैर्ऋत्येला वळू लागतो, कोळी होड्या शाकारण्याच्या तयारीत असतात, आणि ‘समुद्राचा भरवसा नाही’ असे म्हणायला थोडी जागा असते. पण त्याने ते कारण दिले नाही, दिव्याचे दिले. समुद्राचे कारण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोणालाही तपासता आले असते. दिव्याचे फक्त त्याच्या हातात होते. त्या आठवड्यात मचवा खरोखर आला होता, हे आता पत्रात चार शब्दांत येईल.

८ जून

आज पुन्हा अलिबागजवळच्या त्या निवृत्त काकांकडे गेले. घर आणि दिवा यांचे नाते मला नीट कळत नव्हते. कथेत गाव किनाऱ्यावर, बेटापासून बारा किलोमीटरवर आहे. दिवा तिथून दिसेल का, हा माझा प्रश्न होता.

त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडून दाखवला. दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे; पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची घेऊन तिचेही वर्गमूळ काढायचे; दोन्हींची बेरीज करून २.०८ ने गुणायचे. पृथ्वीच्या गोलाईमुळे दिवा किती सागरी मैलांपर्यंत दिसू शकतो ते निघते. मी दिवा ४९ मीटरवर धरला आणि घराची ओटी ४ मीटरवर. सात अधिक दोन म्हणजे नऊ, त्याला २.०८ ने गुणले की १८.७२ सागरी मैल, म्हणजे सुमारे पस्तीस किलोमीटर. बारा किलोमीटरवरच्या ओटीवरून दिवा सहज दिसायला हवा. बत्ती तेवढी प्रखर असावी लागते आणि हवा स्वच्छ असावी लागते, पण तो प्रश्न इथे येत नाही.

“दिसायला हवा,” ते म्हणाले, “पण जमिनीकडच्या काचा काळ्या केलेल्या असल्या तर नाही दिसणार.”

हे मला माहीत नव्हते. दिवा ज्या दिशांना दिसतो त्या दिशा नकाशावर अंशांत दिलेल्या असतात. जिकडे जहाजांना उपयोग नाही, किंवा जिकडे दिवा दिसू लागला तर जहाज खडकांच्या आतल्या बाजूला आले आहे असा गैरसमज होईल, तिकडच्या काचा पत्र्याने किंवा काळ्या रंगाने झाकून टाकतात. किनाऱ्याला लागून चाललेल्या खलाशाच्या दृष्टीने दिवा अचानक दिसेनासा होणे हीसुद्धा खूण असते. आपण कोणती रेषा ओलांडली हे त्याला त्यावरून कळते. प्रत्येक दीपगृहावर असे असते असे नाही. ज्या बेटाच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये खडक आहेत तिथे ते शोभते, आणि माझे बेट मी माझ्या मर्जीने ठेवू शकते.

गावातल्या घरातून बापाचा दिवा कधीच दिसलेला नाही. दमट हवेच्या रात्री समुद्रावरून फिरणारे किरण बाजूने येताना दिसतात आणि एका जागी तुटतात. लहान मुलीने ते पाहिले असणार आणि विचारले असणार. परत येताना बसमध्ये मी तिचा प्रश्न लिहिला: ‘आबा, तुमचा दिवा आपल्याकडे का बघत नाही?’ या प्रश्नाला मी बापाकडून सुंदर उत्तर देणार होते. घरी पोचेपर्यंत ते खोडले. त्याला आपण काय उत्तर देत असू हे आठवत नाही, असे तो लिहील.

१५ जून

पत्र आत्ताच का, हा प्रश्न राहिला होता. निवृत्ती, आजारपण, दिव्यावर वीज येणे ही तिन्ही कारणे मी लिहून पाहिली होती आणि तिन्हींत बाप एकदम म्हातारा आणि बिचारा होतो. झाकलेल्या काचांनी हे काम सोपे केले.

एका काचेवरचा काळा रंग खाऱ्या हवेने तळहाताएवढा सुटतो. गावाच्या दिशेला दिवा दिसू लागतो. नोकरीच्या दृष्टीने हा दोष आहे, तो दिसल्या दिवशी दुरुस्त करायचा आणि नोंदवायचा असतो. आणि आयुष्यभर वेळेवर चावी देणारा हा माणूस नऊ रात्री रंग लावत नाही.

घराला कुलूप आहे. उजेड पडला तो बंद दारावर. ही ओळ पत्रात अशी लिहायची नाही, कारण ती मी लिहिलेली वाटते. तो फक्त लिहील की घराला कुलूप आहे.

झळक किती सेकंदांनी दिसेल हे काकांना फोनवर विचारून पक्के केले. माझ्या भिंगाला चार बाजू आहेत आणि ते वीस सेकंदांत एक फेरा पुरा करते, म्हणजे कोणत्याही एका जागी उभे राहिले तर पाच सेकंदांनी एकदा. तळहाताएवढ्या फटीतून भिंगाचा थोडाच भाग दिसेल, त्यामुळे झळक फिकी. ‘पाच सेकंदांनी एकदा, फिका.’ हे त्याच्या नोंदवहीतलेच वाक्य झाले.

२९ जून

आज पूर्ण दिवस मायन्यावर गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

आपल्याकडे पत्र सुरू होण्याआधीच नाते लिहून होते. वडिलांना तीर्थरूप, वडिलांसारख्यांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव. अविवाहित मुलगी कुमारी, लग्नपत्रिकेत ती चि. सौ. कां. होते आणि लग्नानंतर चि. सौ. यातले प्रत्येक अक्षर कोणी तरी मान्य केलेले असावे लागते. बापाने या मुलीला शेवटचे पत्र तिच्या लग्नाआधी लिहिले, त्यात ती ‘चि. सुमन’ होती. आता तो काय लिहील?

नुसते ‘चि. सुमन’ लिहिले तर तो लग्न मानत नाही असा अर्थ होतो, आणि मुलगी तो अर्थ लावणारच. ‘प्रिय सुमन’ लिहिणारा बाप १९८३ साली शहरात सापडला असता, या बेटावर नाही; शिवाय ते लिहिले तर पेच टळतो आणि मला तो टाळायचा नाही. ‘चि. सौ.’ लिहिले की मान्य केले. पुढच्या मजकुरात त्याने माफी मागितली नाही तरी चालते, कारण दोन अक्षरे आणि दोन टिंबे यांत ती आधीच आलेली असते. मराठी वाचणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही, हे या कथेचे भाग्य.

पण मग जावई? पत्राच्या शेवटी जावयाला नमस्कार लिहिण्याची पद्धत आहे. बराच वेळ विचार करून मी ठरवले की बाप तिथपर्यंत पोचत नाही. तो ‘घरच्या मंडळींस नमस्कार’ लिहितो. नाव लिहीत नाही. एका पत्रात माणसाने किती चालावे यालाही मर्यादा असते, ‘सौ.’ लिहायला त्याला अकरा वर्षे लागली आहेत.

मुलगी मिरजेच्या घरात पत्र उघडते तेव्हा मजकुराच्या आधी ती काय वाचते, हे आता मला ठाऊक आहे. दुसऱ्या प्रसंगाची सुरुवात तिथूनच होईल.

६ जुलै

पत्र कशावर लिहिले आहे याचा विचार आज केला, तो आधी करायला हवा होता. पोस्टकार्ड शक्य नाही, ते गावचा पोस्टमन आणि मिरजेचा पोस्टमन दोघेही वाचतात. पाकिटात पानांना मर्यादा नाही आणि या माणसाला मर्यादा हवी. राहिले निळे अंतर्देशीय पत्र. पोस्टातून दोन आणून त्यांवर पेनाने खर्डा उतरवून पाहिला. माझ्या अक्षरात दाटीवाटी न करता अडीचशेच्या आसपास शब्द बसले. माझा खर्डा तीनशे दहा शब्दांचा होता. साठ शब्द कापताना वारंवार वाटले की हे काम कागदावर सोपवले असते तर पंधरा दिवस वाचले असते.

अंतर्देशीय पत्रामुळे आणखी एक गोष्ट सुटली. खर्ड्यात बाप पत्रासोबत घराची किल्ली पाठवत होता. तो प्रकार मला आधीपासूनच जरा नाटकी वाटत होता, पण काढवत नव्हता. अंतर्देशीय पत्रात काहीही घालून पाठवायची मनाई असते, तसे त्यावर छापलेलेच असते, आणि हा माणूस छापलेला नियम मोडणारा नाही. त्यामुळे किल्ली पाकिटातून निघून काकूकडे गेली. ‘किल्ली काकूकडे आहे’ हे वाक्य आमंत्रण आहे की नुसती माहिती, हे मुलीने ठरवावे.

पत्त्याच्या बाजूला पिनकोडचे सहा चौकोन आहेत. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. मुलीने लग्नानंतर त्याला एकच पत्र पाठवले, ते त्याच वर्षी जूनमध्ये, आणि त्यावरच्या पत्त्यात पिनकोड असणे शक्य नव्हते. ते सहा चौकोन तो मोकळे ठेवतो. काठावर गेल्यावर त्याला ते कोणालाही विचारता आले असते, पण तो काठावर जात नाही, मचवेवाल्याच्या हाती पत्र देतो.

१३ जुलै

खांदेरीसह बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याची बातमी परवा आली. खांदेरीवरचे दीपगृह १८६७ सालचे, आणि मी या कथेत जे बेट डोळ्यांसमोर धरते त्यात ते नेहमी डोकावते: मनोरा, खाली वेताळाचे देऊळ, धातूसारखा आवाज देणारा तो दगड. म्हणूनच कथेतले बेट बेनाव ठेवते. नाव दिले की काचा खरोखर काळ्या होत्या का, माणसे किती होती, हे तिथल्या हिशेबाने द्यावे लागेल. आणि तो दगड मोहात पाडतो, पण मुलीला तो माहीत असणार, तेव्हा चाळणीत जातो.

२० जुलै

पत्र आज पुरे झाले. जसे आहे तसे इथे ठेवते.

श्री

दीपगृह, ता. २४ मे १९८३

चि. सौ. सुमन हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

वारा चार दिवसांपासून नैर्ऋत्येचा आहे. परवा मचवा शिधा टाकून जाईल, तो पावसाळ्याआधीचा शेवटचा. त्याच्या हाती हे पत्र देत आहे. नंतर नारळी पौर्णिमेपर्यंत इकडे टपाल येणार नाही, तेव्हा उत्तराची घाई नाही.

एप्रिलच्या १९ तारखेस एका तांडेलाने होडीतून ओरडून सांगितले की गावाच्या अंगास दिवा दिसतो. वर जाऊन पाहिले तो जमिनीकडील तिसऱ्या काचेचा रंग तळहाताएवढा सुटला होता. त्याच दिवशी लावावयास हवा होता. मी तो नऊ रात्री लावला नाही. दहाव्या दिवशी लावला व नोंदवहीत दोन्ही तारखा लिहिल्या.

आपल्या ओटीवरून तो दिसला असता. पाच सेकंदांनी एकदा, फिका. घराला कुलूप आहे. किल्ली काकूकडे आहे. मागील पडवीची कौले गेल्या वर्षी शाकारून घेतली.

तू लहान असताना विचारायचीस की आबा, तुमचा दिवा आपल्याकडे का बघत नाही. तेव्हा मी काय सांगत असे ते आठवत नाही.

तुझ्या लग्नाच्या वेळी दिवा सोडता येत नाही असे मी तुझ्या काकास कळवले होते. त्या मे महिन्यात आम्ही इथे तिघे होतो. मचवाही आला होता.

तुझा पत्ता ७२ सालच्या पत्रावरून लिहीत आहे. बदलला असल्यास पत्र परत येईल.

माझी प्रकृती ठीक आहे. घरच्या मंडळींस नमस्कार. कळावे, हे आशीर्वाद.

आबा

२७ जुलै

ज्या मैत्रिणीला मी नेहमी पहिला वाचक मानते तिने पत्र वाचून दोन हरकती घेतल्या. पहिली, ‘मचवाही आला होता’ हे जास्तीचे आहे, ‘तिघे होतो’वर थांबावे. दुसरी, कौलांचे वाक्य मध्येच कशाला.

पहिलीवर मी दोन दिवस घालवले. ‘तिघे होतो’वर थांबले तर वाक्य घुमते, आणि घुमणारे वाक्य या माणसाचे नव्हे. नोंदवहीत लिहिणारा माणूस अर्धी नोंद करून थांबत नाही. तीन माणसे लिहिली तर होडीही लिहील. शिवाय तिघे असूनही होडी नसती तर त्याला पळवाट उरली असती, ती तो स्वतःच्या हाताने बंद करतो. ते वाक्य राहिले. कौलांचेही राहिले. घर राहण्याजोगे आहे हे त्याला दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगता आले असते, हे मला सुचत नाही.

तिसरी हरकत काकांची. त्यांना पत्र फोनवर वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नोंदवहीत नऊ दिवसांचा उशीर लिहिला म्हणता, मग वरून त्याचा खुलासा मागतील. त्याने काय लिहिलं?” मला उत्तर देता आले नाही. तो खुलासा कथेत नाही, पण बापाने तो लिहिला असणार, आणि त्यात खोटे कारण दिले असणार नाही एवढे मी त्यांना सांगितले. त्यांना ते फारसे पटले नाही. “रंग संपला होता म्हणून सांगायचं,” ते म्हणाले.

३१ जुलै

कथा आज पाठवली, पाच हजार आठशे शब्द. शेवटच्या वाचनात दुसऱ्या प्रसंगात एक भर घातली. मिरजेच्या घरात सुमन पत्र हातात घेते तेव्हा ते तिला अजून उघडायचे आहे. पत्त्याचे अक्षर तिने ओळखले आहे. बापाने मोकळे सोडलेले सहा चौकोन भरलेले आहेत. वाटेत कोठल्या तरी टपालघरात कोणी तरी निळ्या पेन्सिलीने, घाईघाईत, शेवटचे शून्य चौकोनाबाहेर काढून ४१६४१० लिहिले आहे. ते अक्षर तिच्या ओळखीचे नाही. ती आधी ते पाहते, मग कडेची घडी नखाने सोडवते.